‘म्हशी अजून तळ्यात आहेत’: उन्हाळ्यातल्या संध्याकाळच्या रतीबाविषयी

दांडिया बाजार आणि रावपुऱ्यातल्या आमच्या गिऱ्हाइकांसाठी

एप्रिल लागला की संध्याकाळचं दूध साडेसहाऐवजी साडेसातला येतं. फोन केलात तर आमचा मुलगा सांगतो, ‘म्हशी अजून तळ्यात आहेत.’ ही थाप नाही.

पादऱ्याकडच्या आमच्या गोठ्यात सगळ्या म्हशी सुरती, विळ्यासारख्या शिंगांच्या. म्हशीचं अंग साधारण 38 ते 38.5 अंश असतं. त्यात कातडी काळी, केस विरळ आणि घामाच्या ग्रंथी गाईपेक्षा कितीतरी कमी. शिवाय कोठीपोटात चारा आंबत असतो, त्याची उष्णता वेगळीच. बाहेर 42 अंश असताना ही उष्णता हवेत जाणार कशी? हवाच अंगापेक्षा गरम!

तळ्याचं पाणी मात्र 30च्या आसपास असतं. उन्हात म्हशीच्या कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुगतात, आतलं गरम रक्त वर येतं आणि पाणी ती उष्णता हवेपेक्षा फार भराभर ओढून घेतं. मागच्या मे महिन्यात दुपारी एक वाजता आमच्या मोगरीची कूस श्वासाने मिनिटाला पन्नासच्या वर हलत होती, तोंडाला फेस होता. तळ्यात अर्धा तास बसल्यावर मोजलं, तर पंचवीसच्या आत. मग तिथेच डोळे मिटून रवंथ सुरू. रवंथ बंद असेल तर चारा कमी जातो आणि दूधही घटतं, म्हणून आम्ही त्यांना मध्येच हाकत नाही.

तळं आटून गुडघाभर उरलं की पाणीच तापतं. तेव्हा चिखल कामाला येतो. अंगावरचं पाणी लवकर सुकून जातं, पण चिखलाचा थर सावकाश वाळतो आणि वाळेपर्यंत गारवा देत राहतो. वाळल्यावर पापुद्र्यातून माशीची सोंडही सहज शिरत नाही.

‘चिखलातल्या म्हशीचं दूध प्यायचं?’ असं एका काकूंनी विचारलं होतं. विचारायलाच हवं. तळ्यातून आल्यावर म्हैस आधी नळाखाली धुतो, कास आणि आचळं धुऊन कोरड्या फडक्याने पुसतो, पहिल्या दोन-तीन धारा वेगळ्या भांड्यात घेतो. त्यात गाठी दिसल्या किंवा कास गरम लागली, तर दगडी या कासेच्या रोगाची शंका. त्या म्हशीचं दूध तुमच्याकडे येत नाही. धार काढल्यावर आचळाचं तोंड काही वेळ उघडं राहतं. तेव्हा म्हैस चिखलात बसली तर रोग आत शिरतो. म्हणून पुढे वैरण टाकून तिला अर्धा तास उभीच ठेवतो. म्हशींच्या तळ्यात बसण्यात आणि या धुण्यापुसण्यातच तुमचा तासभर जातो.

पाऊस सुरू झाला की वेळ पुन्हा साडेसहा. तोवर संध्याकाळच्या चहाला दूध हवं असेल, तर सकाळच्या रतीबात अर्धा लिटर वाढवून घ्या.