सायीचे लोणी आणि ताक

तापवलेल्या दुधावरची साय साठवून, विरजून आणि घुसळून घरगुती लोणी काढतात. उरलेले आंबट पाणी म्हणजे ताक. म्हशीच्या दुधात पिवळा रंग देणारे कॅरोटीन जवळजवळ नसल्याने त्याचे लोणी पांढरेशुभ्र निघते, तर गाईच्या दुधाचे थोडे पिवळसर.

साय जाड यायची असेल तर दूध उकळी आल्यावर मंद आचेवर पाचेक मिनिटे ठेवावे, जाळीने झाकून न हलवता निववावे आणि मग सहा ते आठ तास फ्रिजमध्ये ठेवावे. गरम भांड्यावर घट्ट झाकण घातले तर वाफेचे पाणी सायीवर पडते आणि ती पातळ राहते. होमोजिनाइज्ड दुधातील स्निग्धांशाचे थेंब आधीच बारीक फोडलेले असतात, ते वर तरंगत नाहीत. अशा दुधावर नुसता पापुद्रा धरतो आणि त्यातून लोणी काढण्याचा खटाटोप वाया जातो.

पहिल्या दिवशीच्या सायीत चमचाभर ताजे दही घालून रोजची साय त्यातच ढवळून ठेवणे उत्तम. फ्रिजच्या थंडीत दह्याचे जिवाणू सुस्त असतात, तरी हळूहळू वाढणारा आंबटपणा साय कडू होण्यापासून बराच वाचवतो. दही न घालता आठ दिवस ठेवलेल्या सायीला अनेकदा कडवट, उग्र वास येतो आणि तो तुपापर्यंत टिकतो. घुसळण्याच्या आदल्या रात्री भांडे बाहेर काढून, साय कोमट झाल्यावर आणखी चमचाभर दही मिसळावे. उन्हाळ्यात सहा-सात तासांत, थंडीत दहा-बारा तासांत ती दह्यासारखी लागते. न विरजलेल्या सायीतूनही लोणी निघते, पण उरते ते ताक नव्हे, पातळ गोडसर दूध.

लोणी येणार की नाही, हे हाताच्या जोरापेक्षा तापमानावर जास्त अवलंबून असते. स्निग्धांशाच्या प्रत्येक थेंबाभोवती पातळ आवरण असते. घुसळताना ते फाटते आणि थेंब एकमेकांना चिकटतात. त्यासाठी थेंबातील थोडा स्निग्धांश घट्ट आणि थोडा मऊ असावा लागतो. ही स्थिती साधारण १२ ते १६ अंश सेल्सिअसला असते, म्हणजे भांड्याला हात लावल्यावर गार वाटावे, पण बोचरे थंड वाटू नये.

उदाहरणादाखल, उन्हाळ्यात आठ दिवसांत जमलेली ६०० ग्रॅम जाड साय घेऊ. रात्रभर विरजलेली ही साय सकाळी ३० अंशांच्या आसपास असते, तशीच घुसळली तर लोणी तेलकट होऊन रवीला लिबलिबीत चिकटते. म्हणून ती दोन तास फ्रिजमध्ये ठेवावी, मग किमान दोन लिटरच्या भांड्यात घेऊन पेलाभर गार पाणी घालावे. भांडे अर्ध्याहून अधिक भरू नये, कारण आधी हवा शिरून साय फुगते. रवी एका लयीत फिरवावी. फेस दाटतो, रवी जड होते, मग एकदम हलकी होते. आवाज खळखळीत येतो आणि मोहरीएवढे कण दिसू लागतात. इथेच पेलाभर बर्फाचे पाणी ओतून, हळूहळू फिरवत कण गोळा करावेत. यापुढे जोरात घुसळले की ताक लोण्यात अडकते. साधारण २५० ते ३०० ग्रॅम लोणी मिळते. मिक्सरमध्ये थांबून थांबून फिरवावे, कारण पात्याच्या उष्णतेने साय तापते.

वीस मिनिटांनीही कण दिसत नसतील तर आधी साय निरखून पाहावी. फेस घट्ट उभा आणि रवी जड असेल तर साय फार थंड आहे, चमचा-चमचा कोमट पाणी घालत जावे. ती चकचकीत आणि सैल असेल तर गरम झाली आहे, अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून पुन्हा सुरुवात करावी. एकदम गरम पाणी ओतणे ही नेहमीची चूक. त्याने स्निग्धांश वितळून लोण्याऐवजी वर तेलासारखा तवंग येतो.

निघालेला गोळा थंड पाण्यात दोन-तीनदा, पाणी नितळ होईपर्यंत धुवावा. आत राहिलेल्या ताकानेच लोणी लवकर आंबते आणि कढवताना बेरी जास्त पडते. बुडेल इतक्या थंड पाण्यात ठेवून पाणी रोज बदलले तर फ्रिजमध्ये ते चार-पाच दिवस छान राहते. ताकात सायीच्या पापुद्र्याचे तुकडे उरतात, ते उष्णतेने घट्ट झालेले प्रथिन असून कितीही घुसळले तरी लोणी होत नाही. ताक गाळून घ्यावे, आंबटपणा पाहून पाणी वाढवावे आणि शक्यतो त्याच दिवशी संपवावे.