यूकेचा व्हिजिटर व्हिसा नाकारला? पुन्हा अर्ज करण्याआधी हे वाचा

मुलाकडे किंवा मुलीकडे इंग्लंडला जाण्यासाठी आई-वडिलांनी केलेला अर्ज नाकारला गेला, की आमच्याकडे फोन येतो, "बॅलन्स कमी पडला म्हणून रिजेक्ट झालं. आता किती ठेवू?" पत्र समोर घेऊन वाचलं, तर दहापैकी बहुतेक वेळा बॅलन्स कमी आहे असं त्यात कुठेच लिहिलेलं नसतं. तोवर घरच्यांनी इकडून-तिकडून आणखी दोन-तीन लाख खात्यात भरलेले असतात, आणि मूळ दोष दुप्पट झालेला असतो. हे माहितीपत्रक त्यासाठीच आहे.

आधी शेवटचं पान

अपील करायचं की नवा अर्ज, हा प्रश्न तुम्ही किंवा आम्ही ठरवायचा नसतो. त्याचं उत्तर पत्रातच छापलेलं असतं. व्हिजिटर व्हिसाच्या पत्रात शेवटी 'नो राइट ऑफ अपील ऑर राइट टू ॲडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू' या अर्थाचं वाक्य असतं. म्हणजे अपीलही नाही आणि फेरतपासणीही नाही. पूर्वी नातेवाइकांना भेटायला जाणाऱ्यांना अपील करता येत असे, ते जून 2013 मध्ये बंद झालं. जुन्या अनुभवावरून कुणी "अपील टाका" असं सांगत असेल, तर त्यात पैसे घालवू नका. तिथल्या कोर्टात ज्युडिशियल रिव्ह्यू मागता येतो, पण तो अधिकाऱ्याने कायद्यात चूक केली असेल तरच. त्यासाठी तिथला सॉलिसिटर लागतो आणि खर्च तिकिटांच्या कितीतरी पुढे जातो. साध्या भेटीसाठी आम्ही तो सुचवत नाही.

पती किंवा पत्नीच्या व्हिसाचं तसं नाही. तिथे बहुतेक वेळा अपील असतं आणि भारतातून ते 28 दिवसांत करावं लागतं. स्किल्ड वर्कर व्हिसाला ॲडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू असतो, त्यालाही 28 दिवस. पण तो फक्त अधिकाऱ्याची चूक दाखवण्यासाठी आहे, तुमचा राहिलेला कागद जोडण्यासाठी नाही. अशी पत्रं असतील तर मिळाल्याच्या आठवड्यातच घेऊन या.

मग मधला परिच्छेद, शब्द न् शब्द

कारणांच्या शेवटी नियमाचा क्रमांक असतो, V 4.2 आणि पुढे कंसात एक अक्षर. (a) म्हणजे तुम्ही परत याल याची खात्री पटली नाही. (c) म्हणजे भेटीचा सांगितलेला हेतू खरा वाटला नाही. खर्चाला पैसे पुरेसे नाहीत यासाठी वेगळं अक्षर आहे, (e). पत्रात फक्त (a) आणि (c) असतील, तर पैशांबद्दल जे काही लिहिलं आहे ते रकमेबद्दल नसून पैसे कुठून आले याबद्दल आहे, असं समजा.

एक फाइल सांगतो, ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलून. तासगाव भागातले द्राक्ष बागायतदार, मुलगा लीड्सला, सुनेचं बाळंतपण जवळ आलेलं. डिसेंबरच्या 9 तारखेला नवरा-बायकोने अर्ज केला, जानेवारीपासून सहा महिन्यांसाठी. वर्षाचं उत्पन्न अकरा लाख लिहिलं आणि सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट जोडलं. दोघांनाही नकार आला, (a) आणि (c). पत्रात दोन गोष्टी होत्या. 18 नोव्हेंबरला सहा लाख एकरकमी जमा झाले, ते कुठून आले हे कळत नाही आणि बाकीच्या नोंदी सांगितलेल्या उत्पन्नाशी जुळत नाहीत. दुसरी, बाग आपण स्वतः सांभाळतो असं म्हणता, मग सहा महिने बाहेर कसे राहणार?

काका म्हणाले, "पैसे माझेच आहेत हो, चोरीचे आहेत का?" पैसे त्यांचेच होते. पतसंस्थेतली ठेव मोडून त्यांनी बँकेत आणली होती, खातं भरलेलं दिसावं म्हणून. पण पतसंस्थेचं पासबुक फाइलमध्ये नव्हतं. आणि द्राक्षाचे पैसे मार्च-एप्रिलमध्ये येतात. जून ते नोव्हेंबरच्या स्टेटमेंटमध्ये औषधं, खतं आणि मजुरी एवढाच खर्च दिसणार. आपल्याकडे हे शेंबड्या पोराला कळतं, पण व्हिसा अधिकाऱ्याला आपण सांगितल्याशिवाय कसं कळावं?

दुरुस्ती अशी केली. लगेच अर्ज केला नाही. मे महिन्यात केला, म्हणजे चौदा महिन्यांच्या स्टेटमेंटमध्ये दोन्ही हंगामांचे पैसे आले. व्यापाऱ्याच्या प्रत्येक पट्टीसमोर बँकेतली तारीख आणि रक्कम लिहून एक पान तयार केलं. सहा लाखांसाठी ठेवीची पावती, ठेव मोडल्याची पासबुकातली नोंद आणि बँकेत जमा झाल्याची नोंद, असे तीन कागद एकापाठोपाठ लावले. सातबारा आणि आठ-अ यांचं पूर्ण इंग्रजी भाषांतर जोडलं. भाषांतरकाराचं नाव, सही, तारीख, संपर्क आणि भाषांतर अचूक असल्याचं निवेदन त्यावर हवंच, नुसता शिक्का चालत नाही.

मुदत सहा महिन्यांऐवजी आठ आठवडे केली, जून मध्य ते ऑगस्ट मध्य. एप्रिलची खरड छाटणी उरकलेली आणि ऑक्टोबर छाटणी पुढे. त्या काळात बाग कोण बघणार, म्हणजे धाकटा भाऊ, त्याचं पत्र आणि त्याचा सातबारा. कव्हरिंग लेटरमध्ये जुन्या पत्रातला प्रत्येक मुद्दा घेऊन त्याखाली त्याचं उत्तर दिलं. व्हिसा मिळाला. बाळ तेव्हा पाच महिन्यांचं होतं. पहिल्या वेळी स्टेटमेंट नीट लावलं असतं, तर काकू बारशाला असत्या, याचं मला अजून वाईट वाटतं.

या फाइलमध्ये एक रुपयाही जास्त दाखवला नव्हता, हे लक्षात घ्या.

"महिनाभर का थांबवता?"

ही तक्रार आम्हाला नेहमी ऐकावी लागते. नियमाने दुसऱ्या दिवशीही अर्ज करता येतो, हे खरं आहे. पण परिस्थिती बदलल्याशिवाय अर्ज केला तर पुन्हा नकाराची शक्यता आहे, असं त्याच पत्रात लिहिलेलं असतं. व्हिसा फी परत मिळत नाही आणि पुढच्या प्रत्येक फॉर्ममध्ये आधीचे सगळे नकार सांगावे लागतात, कुठल्याही देशाचे असले तरी. ते लपवू नका. लपवलेला नकार सापडला तर प्रकरण फसवणुकीच्या नियमात जातं आणि दहा वर्षांपर्यंत दार बंद होऊ शकतं. तुमच्या पत्रात आधीच खोट्या कागदपत्रांचा किंवा फसवणुकीचा उल्लेख असेल, तर ती फाइल आम्ही घेत नाही. तिथे सॉलिसिटरच हवा.

येताना पत्राची सगळी पानं आणा, नवरा-बायकोची वेगवेगळी. सोबत भरलेल्या फॉर्मची पीडीएफ आणि तेव्हा अपलोड केलेले कागद जसेच्या तसे हवेत. एजंटकडून अर्ज केला असेल तर त्याच्याकडून मागून घ्या, तो तुमचाच अर्ज आहे. फॉर्म न बघता आम्ही सल्लाही देत नाही आणि फीही सांगत नाही, कारण उत्पन्नाच्या रकान्यात काय लिहिलं होतं हे बहुतेकांना आठवत नाही आणि नव्या अर्जातला आकडा त्याच्याशी जुळावा लागतो.

पत्र वाचून दाखवण्याचे आणि त्यातली कारणं समजावून सांगण्याचे पैसे आम्ही घेत नाही. अर्धा तास लागतो, सकाळी अकरा ते एक या वेळेत या. त्यानंतर फाइल तुम्ही स्वतः दुरुस्त केलीत तरी हरकत नाही. आमच्याकडे दिलीत तर वरच्यासारखं नोंदी जुळवण्याचं पान आणि कव्हरिंग लेटर आम्ही करून देतो. तोवर खात्यात नवे पैसे मात्र भरू नका.