चेहऱ्याचा मसाज, गुआ शा आणि फेस योगा

चेहऱ्याचा मसाज, गुआ शा आणि फेस योगा ही तिन्ही नावं हल्ली एका दमात घेतली जातात, पण कामं वेगवेगळी आहेत. मसाज हाताने, गुआ शा चपट्या गुळगुळीत दगडाने, आणि फेस योगा म्हणजे चेहऱ्याच्या स्नायूंना दिलेला व्यायाम. तिघांकडून अपेक्षा मात्र त्याच दोन असतात, सकाळची सूज उतरावी आणि कातडी घट्ट व्हावी. पहिली बऱ्यापैकी पूर्ण होते. दुसरी फार थोडी, आणि तीसुद्धा लोकांना वाटतं त्या कारणाने नाही.

गुआ शा मूळचं चिनी. गुआ म्हणजे खरवडणं आणि शा म्हणजे खरवडल्यावर कातडीवर उमटणारे लालसर ठिपके, पाठीवर करतात तेव्हा हे ठिपके मुद्दाम आणतात. चेहऱ्यावरचा प्रकार त्याचा अगदी सौम्य अवतार आहे, तिथे ठिपके आले म्हणजे दाब जास्त झाला, बारीक रक्तवाहिन्या फुटल्या, एवढंच समजायचं. दगड जेडचा की रोझ क्वार्ट्झचा याने काही फरक पडत नाही, गार असणं, गुळगुळीत असणं आणि कडेला टवका उडालेला नसणं महत्त्वाचं.

आता सूज का येते ते बघू. दिवसभर आपण उभे-बसलेले असतो तेव्हा शरीरातलं जास्तीचं पाणी पायांकडे उतरतं, रात्री आडवं झालो की ते सगळीकडे सारखं पसरतं आणि डोळ्यांभोवतीची कातडी सगळ्यात पातळ असल्याने तिथे लगेच दिसतं. रात्री खारट खाल्लं, दारू घेतली, रडून झोपलो किंवा ॲलर्जी असली तर आणखी जास्त. हे पाणी परत नेण्याचं बरंचसं काम लिंफच्या नळ्या करतात, लिंफ म्हणजे पेशींच्या मधून या नळ्यांत गोळा झालेलं पाणीच, आणि लिंफला रक्तासारखा हृदयाचा पंप नसतो, नळ्यांचं स्वतःचं हळू आकुंचन आणि आजूबाजूच्या स्नायूंची हालचाल यावरच ते पुढे सरकतं. चेहऱ्याचं लिंफ कानापुढच्या आणि जबड्याखालच्या गाठींतून मानेत उतरतं आणि शेवटी कॉलर बोनच्या मागे मोठ्या शिरेत मिसळतं. मसाज नेमकं या रस्त्याला हात देतो.

म्हणून क्रम वरून खाली नाही, उलटा. आधी कॉलर बोनच्या वरच्या खळग्यात बोटं टेकवून हलकेच आठ-दहा वेळा दाबायचं-सोडायचं, मग मानेच्या बाजूने खाली हात फिरवायचा, म्हणजे पुढचा रस्ता मोकळा, आणि त्यानंतर चेहरा. हनुवटीपासून जबड्याच्या कडेने कानाकडे, नाकाच्या बाजूने गालावरून कानापर्यंत, डोळ्याखाली आतल्या कोपऱ्यापासून कानशिलाकडे, प्रत्येक ठिकाणी पाच-सहा वेळा, आणि दर वेळी कानापासून मानेवरून खाली आणून सोडायचं. तेल चार-पाच थेंब. दगड उभा धरायचा नाही, कातडीला जवळजवळ चिकटून आडवा. दगडाच्या पुढे कातडीची छोटी घडी गोळा होत असेल तर तेल कमी पडलंय किंवा दाब जास्त आहे, तिथेच थांबायचं. दाब किती, तर पापणीवरून बोट फिरवलं तरी बुबुळाला जाणवू नये इतका, कारण या नळ्या कातडीच्या अगदी खाली असतात आणि जोर लावला की त्या चेपतात, कातडी लाल होते आणि कधी कधी उलट आणखी सुजते. बहुतेक जण चुकतात ते इथेच.

किती फरक पडतो हे स्वतःवर तपासता येतं. समजा पंचेचाळिशीच्या एका बाईला रोज सकाळी डोळ्याखाली फुगवटा दिसतो. तिने सात वाजता खिडकीसमोर, फोन एकाच उंचीवर ठेवून फोटो काढायचा, मग पाच मिनिटं फक्त उजव्या बाजूला मसाज करायचा, सव्वासातला दुसरा फोटो आणि दहा वाजता तिसरा, असं आठवडाभर. पाण्याची सूज असेल तर सव्वासातला उजवी बाजू जरा उतरलेली दिसेल आणि दहापर्यंत दोन्ही बाजू सारख्या होतील, कारण उठून बसल्यावर डावीकडचं पाणीही आपोआप उतरलेलं असतं. मसाजने मिळवले ते हे दोन-तीन तास, सकाळी लवकर बाहेर पडायचं असेल तर तेही कमी नाहीत. पण तिन्ही फोटोंत फुगवटा तसाच राहिला, संध्याकाळीही तेवढाच, आणि वर बघितल्यावर जास्त उठून आला तर ते पाणी नाही, डोळ्यामागची चरबी पुढे सरकलेली आहे, ती कुठल्याही दगडाने मागे जात नाही. फोटोत हनुवटीही सारखीच ठेवायची बरं का, ती जराशी वर केली तरी जबडा रेखीव दिसतो, बरेचसे आधी-नंतरचे फोटो असेच बनतात.

घट्टपणाचं गणित वेगळं आहे. कातडी सैल पडते ती तिला घट्ट आणि लवचिक ठेवणारी कोलॅजन आणि इलॅस्टिन ही प्रथिनं कमी झाल्याने, गालातली चरबी आटल्याने, खालचं हाड झिजल्याने, आणि ऊन या सगळ्यात मोठा वाटा उचलतं. मसाजने यातलं काही परत येत नाही. मसाजनंतर जो ताजेपणा दिसतो तो वाढलेल्या रक्तप्रवाहाचा, तो थोड्या वेळाने ओसरतो.

फेस योगाबद्दल मात्र एक अभ्यास खरंच वाचण्यासारखा आहे. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात मुराद आलम यांच्या टीमने केलेला, २०१८ मध्ये छापून आला. ४० ते ६५ वयाच्या २७ बायका सुरुवातीला होत्या, शेवटपर्यंत टिकल्या १६. पहिले आठ आठवडे रोज अर्धा तास, मग विसाव्या आठवड्यापर्यंत एक दिवसाआड. फोटो बघून डॉक्टरांनी सांगितलेलं सरासरी वय ५०.८ वरून ४८.१ वर आलं. सुधारणा दिसली ती गालाच्या वरच्या आणि खालच्या भरीवपणात, बाकीच्या गोष्टींत ठोस काही नाही. म्हणजे कातडी ताणली गेली नाही, खालचा स्नायू थोडा जाड झाला आणि गाल भरला, असा अंदाज आहे. तुलनेसाठी व्यायाम न करणारा गट नव्हता, त्यामुळे यावर फार मोठा मजला चढवू नये. आणि अर्धा तास रोज, हे किती जणींना जमेल हे त्या २७ आणि १६ मध्येच दिसतं. मला विचाराल तर करायचाच असेल तर गालाचे व्यायाम करावेत, कपाळ आकसणारे आणि डोळे घट्ट मिटणारे टाळावेत, कारण कपाळावरच्या आणि डोळ्यांच्या कडेच्या रेषा स्नायू वारंवार आकसल्यानेच पडतात, बोटॉक्स त्या कमी करतं ते स्नायू सैल करूनच.

पिकलेले पुरळ, रोझेशिया म्हणजे गाल-नाक सतत लाल राहण्याचा त्रास, जखम किंवा उन्हाने भाजलेली कातडी असेल तर दगड लांब ठेवावा, रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर विचारून करावं, बोटॉक्स किंवा फिलर नुकतं घेतलं असेल तर किती दिवस थांबायचं ते करणाऱ्या डॉक्टरांकडूनच ऐकावं. मानेत जबड्याच्या कोनाखाली जिथे नाडी लागते तिथे जोरात दाबू नये, तिथल्या दाबाने बीपी एकदम खाली येऊन चक्कर येऊ शकते, वयस्कर लोकांत तर जास्तच धोका. आणि चेहऱ्याची सूज रोज येत असेल, पायही सुजत असतील, लघवीला फेस येत असेल, किंवा थकवा, थंडी वाजणं आणि वजन वाढणं सोबत असेल तर मसाज बाजूला ठेवून किडनी आणि थायरॉइडची तपासणी करून घ्यावी. ओठ-जीभ अचानक सुजली तर मात्र तपासणीची वाट न बघता थेट इमर्जन्सी गाठायची.