उर्दू टंकलेखन : छोटी ये, बडी ये आणि हम्जा

फोनवर उर्दू लिहिताना एकच शब्द दोन-तीन वेगळ्या संकेतांकांनी उमटतो, आणि त्याचे मूळ बहुधा छोटी ये (ی), बडी ये (ے) आणि हम्जा (ء) या तीन अक्षरांत असते. दिसायला शब्द सारखाच, पण शोध घेतला तर सापडत नाही. ‘गए’ हा शब्द घेऊ:

```
U+06AF U+0626 U+06D2
U+06AF U+06D3
U+06AF U+06CC U+0654 U+06D2
```

पहिली ओळ प्रमाण: گ, मग हम्जा असलेली ये (ئ), मग बडी ये. दुसरीत बडी येवरच हम्जा बसवलेले एकच अक्षर (ۓ) आहे. कळफलकावर ते सहज सापडते, म्हणून वापरले जाते. बारीक टंकात फरक जाणवत नाही. बॅकस्पेस एकदा दाबून पाहावा: पहिल्यात گئ उरते, दुसऱ्यात नुसता گ. सुटा हम्जा मध्ये टाकला तर मात्र चूक लगेच दिसते. तो शेजारच्या अक्षरांना जोडला जात नाही आणि گءے असा तुटका शब्द तयार होतो.

तिसरी ओळ सर्वांत त्रासाची: तिच्यात ی आणि तिच्यावर बसणारा वेगळा हम्जा U+0654 आहे, मग बडी ये. युनिकोडने ئ ची फोड अरबी ये (ي, U+064A) अधिक हम्जा अशी ठरवली आहे, उर्दूची ی (U+06CC) अधिक हम्जा अशी नव्हे. त्यामुळे NFC सामान्यीकरण केले, म्हणजे फोड केलेली अक्षरे युनिकोडच्या नियमाने एकाच संकेतांकात जोडली, तरी तिसरी ओळ पहिलीसारखी होत नाही.

अरबी कळफलकावरून उर्दू लिहिल्यास हीच ي शब्दात शिरते. शब्दाच्या सुरुवातीला आणि मध्ये ती ی सारखीच दिसते. तिच्यानंतरची अक्षरे पुसून ती शेवटी आणली की खाली दोन नुक्ते दिसतात; उर्दूच्या शेवटच्या ی ला ते नसतात. बडी ये फक्त शेवटी येते. ‘बेटा’मधला ‘ए’सुद्धा छोट्या येनेच लिहावा लागतो (بیٹا), कारण ے पुढच्या अक्षराला जोडली जात नाही.

लेखनाचा वाद यापेक्षा वेगळा. ‘लिए’ लोक لئے आणि لیے असे दोन्ही लिहितात. आधीच्या अक्षराला ‘इ’कार (ज़ेर) असेल तर ये, ‘अ’कार (ज़बर) असेल तर हम्जा, असा नियम प्रमाण मानला जातो. म्हणून لیے, چاہیے. पण گئے, نئے. हा फरक यंत्राने सरसकट बदलून मिटवू नये.

मजकूर दुरुस्त करताना क्रम पाळावा. आधी NFC, मग ی आणि U+0654 यांच्या जोडीच्या जागी ئ, मग ۓ च्या जागी ئے, शेवटी ي च्या जागी ی. NFC न करता ي आधी बदलली, तर फोड करून साठवलेल्या ئ मधलीही ي बदलते आणि तिसऱ्या ओळीचीच चूक नव्याने तयार होते. मजकुरातली अरबी अवतरणे मात्र या बदलातून वगळावीत. तिथे ي हेच बरोबर अक्षर आहे.