२८ ला पास, ६ ला नापास

गेल्या रविवारी भाची कोथरूडला आमच्याकडे आली होती, बीएस्सी फर्स्ट इयरला आहे, प्रॅक्टिकलचं जर्नल पूर्ण करायचं राहिलं होतं. लॅपटॉप उघडून बसली आणि थोड्या वेळाने हाक मारली, "मामा, हा प्रोग्राम २८ ला परफेक्ट म्हणतोय, ४९६ ला म्हणतोय, ८१२८ ला पण म्हणतोय, फक्त ६ लाच नाही म्हणतोय. असं कसं होईल?"

प्रश्न मला इतका आवडला की दुपारचा चहा राहूनच गेला. परफेक्ट नंबर म्हणजे ज्याचे स्वतःला सोडून सगळे भाजक मिळवले की तोच नंबर परत येतो. ६ चे भाजक १, २, ३ आणि त्यांची बेरीज ६. सगळ्यात छोटा आणि सगळ्यात सोपा परफेक्ट नंबर हाच, आणि नेमका तोच नापास होतोय.

तिने आधी लिहिलेला प्रोग्राम साधा होता, १ पासून नंबरच्या निम्म्यापर्यंत प्रत्येकाने भागून बघायचं. तो बरोबर होता पण हळू चालायचा, म्हणून वर्गात सांगितलं की वर्गमूळापर्यंतच बघा, तेवढं पुरतं. का पुरतं ते मात्र तिला नीट कळलं नव्हतं आणि सगळी गडबड तिथेच होती.

समजा आपल्या मंडळाच्या कार्यक्रमाला २८ खुर्च्या आहेत आणि सगळ्या रांगांत सारख्याच खुर्च्या लावायच्यात. एक रांग २८ ची, किंवा दोन रांगा १४ च्या, किंवा चार रांगा ७ च्या. सात रांगा ४ च्या लावल्या तर नवीन काही झालं नाही, तीच मांडणी बाजूने बघितली इतकंच. म्हणजे भाजक कधी एकटा येत नाही, जोडीदार घेऊन येतो, २ सापडला की १४ आपोआप सापडला, ४ सापडला की ७ सापडला. आता जोडीतले दोघंही ५ पेक्षा मोठे असू शकतात का? दोघंही निदान ६ असले तरी ६ गुणिले ६ म्हणजे ३६ झाले, खुर्च्या तर २८ च आहेत. म्हणून प्रत्येक जोडीतला लहान मेंबर ५ किंवा त्याच्या आतच सापडणार, आणि ५ म्हणजे २८ च्या वर्गमूळाचा पूर्णांक भाग. त्याच्या पुढे जाऊन शोधण्यात अर्थ नाही, कारण पुढे जे मिळेल ते आधीच मिळालेल्या कुणाचा तरी जोडीदार असेल.

यात वाचणारं काम छोट्या नंबरला जाणवत नाही. पण पाचवा परफेक्ट नंबर ३,३५,५०,३३६ आहे, त्याच्या निम्म्यापर्यंत गेलं तर १ कोटी ६७ लाखांवर भागाकार करावे लागतात आणि वर्गमूळापर्यंत गेलं तर फक्त ५,७९२. त्यामुळे ही पद्धत वापरायचीच, फक्त ती वापरताना वर्गमूळापाशी नेमकं काय होतं ते बघावं लागतं.

तिचा प्रोग्राम असा होता:

```python
import math

def berij(n):
    s = 1
    for i in range(2, int(math.sqrt(n))):
        if n % i == 0:
            s += i + n // i
    return s
```

एक आधीच मिळवून ठेवलाय, कारण त्याचा जोडीदार नंबर स्वतः असतो आणि तो धरायचा नाहीये. इथपर्यंत छान आहे. पण पायथॉनमध्ये `range` शेवटचा आकडा घेत नाही, त्याच्या एक आधी थांबतो. ६ चं वर्गमूळ २.४४ वगैरे, त्याचा पूर्णांक २, म्हणजे लूप झाला २ पासून २ च्या आधीपर्यंत, थोडक्यात झालाच नाही. २ ची तपासणी झाली नाही म्हणून २ गेला आणि त्याच्याबरोबर ३ पण गेला, बेरीज राहिली १.

मग २८ कसा पास झाला? त्याचा शेवटचा तपासायचा आकडा ५, तो राहून गेला, पण ५ ने २८ ला भाग जातच नाही, त्यामुळे राहिला काय आणि तपासला काय, फरक पडला नाही. ४९६ ला २२ राहून गेला, त्यानेही भाग जात नाही. ८१२८ ला ९० राहून गेला, तिथेही तेच. चूक चारही वेळा झाली, फक्त ६ ला तिची किंमत मोजावी लागली. भाचीला आधी वाटलं होतं की ६ ची काहीतरी स्पेशल केस असेल आणि ती वेगळी `if` टाकून ६ ला हाताने परफेक्ट जाहीर करणार होती. तसं केलं असतं तर १२ ची बेरीज चुकलेलीच राहिली असती, कारण १२ च्या वर्गमूळाचा पूर्णांक ३ आणि ३ ने १२ ला भाग जातो, म्हणजे तिथे ३ आणि ४ दोन्ही गळतात.

दुरुस्ती सोपी, `range` मध्ये एक मिळवायचा. तिने केली, २ पासून १०,००० पर्यंत चालवला आणि उत्तर आलं ६, २८, ४९६, ८१२८. बरोब्बर चार, ती खूश. मी म्हणलं आता १६ ची बेरीज छापून बघ.

आली १९. खरी बेरीज १, २, ४, ८ ची, म्हणजे १५. चार जास्त कुठून आले? परत खुर्च्या आठवा, १६ खुर्च्या चार रांगा चारच्या लावल्या की बाजूने बघितलं तरी चार रांगा चारच्याच दिसतात, तिथे ४ चा जोडीदार ४ स्वतःच आहे. प्रोग्राम मात्र जोडीदार समजून ४ दोनदा मिळवतो. नंबर पूर्ण वर्ग असला की हे होणारच. आणि हा फरक किरकोळ नाही, १६ ची बेरीज १५ असेल तर तो नंबर त्याच्या भाजकांच्या बेरजेपेक्षा मोठा ठरतो, १९ असेल तर लहान ठरतो, निकालच उलटा लागतो.

मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही वाटते की ही दुसरी चूक कुठल्याही परफेक्ट नंबरवर टेस्ट करून सापडणार नाही, अगदी पुढचे कितीही मोठे घेतले तरी. कारण कुठलाही पूर्ण वर्ग परफेक्ट नसतोच, आणि ते घरबसल्या पटवून घेता येतं. २२५ सारखा विषम वर्ग घ्या. त्याचे सगळे भाजक विषम, प्रत्येक जोडीत विषम अधिक विषम म्हणजे सम, आणि शेवटी एकटं उरलेलं वर्गमूळ १५ विषम, म्हणून नंबरसकट सगळ्या भाजकांची बेरीज विषम येणार. परफेक्ट असायला नंबरसकट बेरीज नंबरच्या दुप्पट लागते, आणि दुप्पट कायम सम असते, त्यामुळे जमणारच नाही. ३६ सारखा सम वर्ग असेल तर आधी त्याचे विषम भाजक घ्या, १, ३ आणि ९, बेरीज १३, हे ९ चेच भाजक आणि ९ विषम वर्ग असल्यामुळे ही बेरीज विषम. बाकीचे भाजक म्हणजे हेच तीन, दुप्पट आणि चौपट केलेले, २६ आणि ५२, दोन्ही सम. एकूण ९१, विषम, आणि आपल्याला हवे होते ७२. कुठलाही पूर्ण वर्ग घ्या, हेच होतं.

म्हणून टेस्ट करताना परफेक्ट नंबरांबरोबर ४, १६, ३६ असे वर्ग पण टाकायचे. दुरुस्त केलेलं असं दिसतं:

```python
def berij(n):
    if n == 1:
        return 0
    s = 1
    i = 2
    while i * i <= n:
        if n % i == 0:
            s += i
            if i != n // i:
                s += n // i
        i += 1
    return s
```

१ ला वेगळं काढलंय कारण १ ला स्वतःशिवाय भाजकच नाही, बेरीज ० व्हायला हवी. आधीच्या प्रोग्राममध्ये सुरुवातच `s = 1` ने होते, त्यामुळे यादी १ पासून काढली असती तर १ पण परफेक्ट म्हणून छापला गेला असता, तिने २ पासून सुरू केलं म्हणून दिसलं नाही इतकंच. आणि `math.sqrt` काढून `i * i <= n` घेतलं, कारण ते दशांश अपूर्णांकात उत्तर देतं, खूप मोठ्या नंबरांना शेवटच्या आकड्यात गोल होण्याची भीती असते, गुणाकार पूर्णांकातच राहतो.

अर्थात एवढं करूनही हे तपासायचं साधन आहे, शोधायचं नाही. सहावा परफेक्ट नंबर ८,५८,९८,६९,०५६, तो एकटा तपासायला ९२,६८१ पायऱ्यांच्या आत काम होतं, पण १ पासून एकेक करत तिथपर्यंत पोचायचं तर प्रत्येक नंबरला तेवढ्याच मापाचं काम आणि नंबर साडेआठशे कोटी. तिथे युक्लिडची जुनी वाट धरावी लागते, २ चा घात उणे १ मूळ संख्या आली की तिच्यावरून परफेक्ट नंबर थेट तयार करायचा. जसं ३२ उणे १ म्हणजे ३१ मूळ आहे, त्याला ३२ च्या निम्म्याने, म्हणजे १६ ने गुणलं की ४९६.

जर्नलमधला पुढचाच प्रोग्राम स्ट्राँग नंबरचा होता आणि भाचीने सवयीने तिथेही वर्गमूळ काढायला घेतलं. पण स्ट्राँग नंबरचा भाजकांशी काही संबंधच नाही. तिथे नंबरचे अंक सुटे करायचे, प्रत्येकाचा फॅक्टोरियल, म्हणजे १ पासून त्या अंकापर्यंतचा गुणाकार, काढायचा आणि बेरीज करायची, ती मूळ नंबराएवढीच आली की तो स्ट्राँग. १४५ चे अंक १, ४, ५, फॅक्टोरियल १, २४, १२०, बेरीज १४५. परफेक्ट असणं हा नंबरचा स्वतःचा गुण आहे, कुठल्याही पद्धतीने लिहा २८ परफेक्टच राहणार, स्ट्राँग असणं मात्र आपण दहाच्या पद्धतीत लिहितो त्यावर अवलंबून आहे. अंकांच्या अशाच खेळात फर्ग्युसनचे विद्यार्थी आणि पुढे देवळालीला शाळामास्तर झालेले द. रा. कापरेकर आयुष्यभर रमले होते.

अंक सुटे करताना नंबरला १० ने भागत गेलं की शेवटी तो ० होतो, म्हणून मूळ नंबर आधी दुसरीकडे ठेवायचा, नाहीतर बेरीज ० शी ताडून बघितली जाते आणि एकही स्ट्राँग नंबर सापडत नाही. ही चूक लगेच दिसते. भाचीची वेगळी होती. तिने वेळ वाचवायला ० ते ९ चे फॅक्टोरियल एका यादीत आधीच लिहून ठेवले होते, ही युक्ती चांगलीच आहे, पण ० च्या जागी ० लिहिलं होतं. शून्याचा फॅक्टोरियल १ असतो. १०,००० पर्यंत चालवलं तर १, २ आणि १४५ आले, तिन्ही बरोबर, कारण तिन्हीत शून्य नाहीच.

मी म्हणलं मर्यादा वाढव, पण कुठपर्यंत वाढवायची ते आधी कागदावर काढू. ९ चा फॅक्टोरियल ३,६२,८८०. आठ अंकी नंबरात सगळे ९ असले तरी बेरीज २९,०३,०४० होते, म्हणजे सातच अंकी, आठ अंकी नंबराला ती कधीच गाठू शकत नाही, आणि त्याहून लांब नंबर तर आणखीच मागे पडतात. सात अंकांत सगळ्यात मोठी बेरीज २५,४०,१६०. त्यापुढे स्ट्राँग नंबर असूच शकत नाही, तिथपर्यंत बघितलं की यादी पूर्ण.

पहिल्यांदा चालवलं तर तीनच आले. मग यादीतल्या शून्याच्या जागी १ टाकला, परत चालवलं, आणि चौथा आला, ४०५८५. चारचे २४, शून्याचा १, पाचचे १२०, आठचे ४०,३२०, परत पाचचे १२०. चारही स्ट्राँग नंबरांत शून्य असलेला हा एकटाच, तिची चूक पकडू शकणाराही हा एकटाच. तिने जर्नलमध्ये आउटपुटच्या खाली पेन्सिलीने ती बेरीज मांडून ठेवली.