बिल भरलं म्हणजे पोस्ट आपली?

"पैसे आम्ही मोजले, मग जाहिरात एजन्सीने सोशल मीडियासाठी बनवलेलं सगळं आमचंच ना?"

निम्मंच खरं. 1957च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17नुसार, वेगळा करार नसेल तर पैसे देऊन काढून घेतलेले फोटो-व्हिडिओ तुमचे. डिझाइन आणि मजकूर मात्र सहसा बनवणाऱ्याचा. म्हणजे मिठाईवाल्याच्या दिवाळीच्या पोस्टमधला काजूकतलीचा फोटो त्याचा, पण भोवतीची सजावट आणि खालचा मजकूर एजन्सीचा! त्यांचे हक्क हवे असतील तर कलम 19प्रमाणे सहीनिशी लेखी हस्तांतरण लागतं. त्यात मुदत लिहायची राहिली, तर हक्क 5 वर्षांपुरतेच मिळतात. डिझाइनच्या मूळ .psd फाइली देण्याचंही त्याच कागदावर लिहून घ्या. एजन्सी सोडताना मागितल्या, तर बहुधा वेगळं बिल हातात पडतं.