‘tak’ म्हणजे ताक की टाक?

पुण्यात नोकरी करणारा नातू तासगावजवळच्या गावात राहणाऱ्या आजीला रात्री व्हॉट्सॲपवर लिहितो:

Aaji udya sakali 7 chya gadine Miraj la ye. Upashi ye, rakt tapasaych ahe. Goli gheu nako, pishvit tak. Kal chi file pan an.

आजी चौथीपर्यंत शिकलेली आहे. रोजचा पेपर ती सावकाश, पण पूर्ण वाचते. इंग्रजी अक्षरं तिला ओळखू येतात. तेव्हा हा मजकूर तिला वाचता येईल असं नातवाने धरून चालणं स्वाभाविक आहे. अडचण अक्षरओळखीत नाहीच, ती पुढे आहे.

‘tak’ हाच शब्द घेऊ. मराठीत त आणि ट हे वेगळे आवाज आहेत, पण इंग्रजी अक्षरांत दोन्ही ‘t’नेच लिहिले जातात. ‘a’ म्हणजे अ किंवा आ. त्यामुळे तक, ताक, टक आणि टाक असे चार उच्चार निघतात. त्यातले ताक आणि टाक हे आजीच्या रोजच्या बोलण्यातले शब्द. ‘kal’मध्ये अडचण याहून मोठी आहे, कारण कल, काल, कळ आणि काळ हे चारही खरे मराठी शब्द आहेत. ‘pan’ म्हणजे पण किंवा पान. ‘an’ म्हणजे आण किंवा, आपल्याकडच्या बोलण्यात सर्रास येणारं, अन्. शेवटच्या एका ओळीत असे तीन शब्द आले.

हा मजकूर सरावाच्या वाचकाला खटकतही नाही. तो आधी संदर्भ पकडतो आणि संदर्भ त्याला योग्य शब्द सुचवतो. सावकाश वाचणाऱ्याच्या डोक्यात मात्र तो संदर्भच अजून तयार झालेला नसतो. का, ते समजायला वाचन कसं चालतं ते पाहावं लागतं.

वाचनाचे ढोबळमानाने दोन मार्ग आहेत. शेकडो वेळा पाहिलेला शब्द डोळा अख्खाच ओळखतो, अक्षर लावत बसत नाही. अनोळखी शब्द मात्र अक्षर-अक्षर लावून, मनात किंवा ओठांवर उच्चारून वाचावा लागतो. पेपर वाचणाऱ्या आजीने ‘उद्या’, ‘सकाळी’, ‘पिशवी’ हे शब्द देवनागरीत आयुष्यभर पाहिलेत, त्यामुळे ते पहिल्या मार्गाने जातात. ‘udya’ आणि ‘pishvit’ तिने क्वचितच पाहिलेत. त्यातून मराठी इंग्रजी अक्षरांत लिहिण्याला ठरलेलं शुद्धलेखन नाही. नातू ‘pishvit’ लिहितो, भाची ‘pishavit’ लिहिते, जावई ‘pishwit’ लिहितो. शब्दाचं रूपच स्थिर नसेल तर डोळ्याला त्याची सवय लागायची कशी? म्हणून जवळजवळ प्रत्येक शब्द दुसऱ्या, हळू मार्गाने जातो.

दुसरी अडचण स्मरणाची. ऐकलेले किंवा मनात उच्चारलेले शब्द आपण फार थोडा वेळ जसेच्या तसे धरून ठेवू शकतो. मानसशास्त्रज्ञ ॲलन बॅडली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1975 साली दाखवलं की साधारण दोन सेकंदांत जेवढं बोलता येतं, तेवढंच एका वेळी जसंच्या तसं लक्षात राहतं. एकेका शब्दाला दोन-तीन सेकंद लागू लागले की चौथ्या शब्दापर्यंत पहिला निसटलेला असतो. मग वाचणारा ओळीच्या सुरुवातीला परत येतो. ही माघार दिसली, की वाचकाची सगळी ताकद अक्षरं लावण्यात जातेय आणि अर्थासाठी काही उरत नाहीये हे ओळखावं. यात बुद्धीचा किंवा वयाचा दोष नाही. तीच व्यक्ती तोच मजकूर देवनागरीत सरळ वाचते, यावरून ते कळतं.

आज सत्तरी-पंचाहत्तरीत असलेल्यांच्या शाळेत इंग्रजी पाचवीला किंवा त्याहूनही पुढे सुरू व्हायचं. पहिलीपासून इंग्रजी महाराष्ट्रात 2000 साली आलं. चौथीत शाळा सुटली असेल, आणि खेड्यातल्या मुलींची ती बहुधा सुटलीच, तर इंग्रजी अक्षरं पुढे पाट्यांवरून आणि मोबाईलवरून जमतील तशी गोळा केलेली असतात. अक्षराचं नाव माहीत असणं आणि त्याचा आवाज झटकन जोडता येणं या वेगळ्या गोष्टी आहेत. ‘एस’, ‘ए’, ‘के’ म्हणणाऱ्याला ‘sakali’मधून ‘सकाळी’ काढायला मधली एक पायरी जास्त चढावी लागते.

मग आपण मराठी इंग्रजी अक्षरांत लिहायला लागलो कशाला? जुन्या मोबाईलवर देवनागरी दिसायचीच नाही, आणि दिसली तरी एसएमएसमध्ये परवडायची नाही. इंग्रजी अक्षरांत एका एसएमएसला 160 जागा मिळतात, देवनागरी वापरली की 70, आणि त्यात प्रत्येक काना-मात्रेची जागा वेगळी मोजली जाते. व्हॉट्सॲपवर हा हिशोब उरलेला नाही. सवय तेवढी राहिली.

देवनागरीत लिहायला मराठी कीबोर्ड शिकायलाच हवा असं नाही. गूगलचा Gboard हा कीबोर्ड उघडून Settings, मग Languages, मग Add keyboard इथे मराठी निवडावी. तिथल्या पर्यायांत abc असा एक आहे. तो घेतला की नेहमीसारखं ‘pishvit’ टाइप करायचं आणि वरच्या पट्टीतून ‘पिशवीत’ निवडायचं. भाषा बदलायला स्पेसबार दाबून धरायचा. ‘tak’ लिहिलं की पट्टीत ताकही येऊ शकतं आणि टाकही, म्हणजे संदिग्धता गेलेली नाही. फरक एवढाच, आणि सगळं महत्त्व त्यालाच आहे, की आता ती नातवाने सोडवायची आहे, आणि त्याला उत्तर ठाऊक आहे. इंग्रजी अक्षरांत पाठवलं की तेच कोडं उत्तर ठाऊक नसलेल्या माणसाकडे जातं. पट्टीतला पहिला शब्द न बघता स्वीकारला, तर मात्र देवनागरीतही ‘पिशवीत ताक’ जाईल. माइकवर बोलून लिहिणं याहून वेगवान आहे, पण गावांची आणि औषधांची नावं त्यात हमखास बिघडतात. तेवढी पाठवण्याआधी तपासावीत.

नुसती लिपी बदलून काम भागत नाही. देवनागरीत इंग्रजीसारखं कॅपिटल अक्षर नसतं, त्यामुळे नवं वाक्य सुरू झाल्याची खूण म्हणजे बारीकसा पूर्णविराम, आणि तो थकलेल्या डोळ्यांना दिसत नाही. एका ओळीवर एकच गोष्ट ठेवली की हा प्रश्न सुटतो. दुसरी गोष्ट मराठीच्या घडणीतली आहे. आपला नकार वाक्याच्या शेवटी येतो. ‘गोळी घेऊ’पर्यंत वाचून ओळ मोडली आणि ‘नको’ खाली गेलं, तर सावकाश वाचणाऱ्याच्या मनात आधी ‘गोळी घ्यायची’ हेच बसतं. म्हणून नकाराचं वाक्य तीन-चार शब्दांतच संपवावं, म्हणजे ते एका ओळीत मावतं. गोळी घ्यायची की नाही हे डॉक्टरांनी जसं सांगितलं असेल तसंच लिहायचं. या आजीला गोळी रक्त दिल्यावर घ्यायला सांगितली आहे असं धरू. मग मजकूर असा होतो:

आजी,
उद्या सकाळी ७ च्या गाडीनं मिरजेला ये.
मी स्टँडवर उभा असेन.
सकाळी काही खाऊ नको.
चहा घेऊ नको.
पाणी चालेल.
गोळी घेऊ नको.
गोळी पिशवीत घालून आण.
कालची फाईल आण.

‘उपाशी ये’च्या जागी काय नको आणि काय चालेल ते लिहिलं, कारण चहा घेतला तरी उपाशीच आहोत असं पुष्कळजण समजतात. ‘गाडीने’ऐवजी ‘गाडीनं’ लिहिलं, कारण तोंडातला उच्चार आणि कागदावरचं रूप जुळलं की अक्षर लावणाऱ्याला शब्द लवकर सापडतो. जोडाक्षरं कमी ठेवली. ‘रक्ततपासणी’ किंवा ‘अपॉइंटमेंट’ देवनागरीतही जडच जातात.

अक्षराचा आकार हा देवनागरीचा खरा कच्चा दुवा आहे. एकाच ओळीच्या उंचीत वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार मावायचे असतात, त्यामुळे मूळ अक्षर लहान होतं. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व यांतला फरक एखाद्या रेघेचा. आजीच्या फोनवर व्हॉट्सॲपच्या Settings मध्ये Chats, मग Font size इथे Large करावं. तेवढ्याने भागलं नाही तर फोनच्या Display मधला Font size वाढवावा. फोन दोन विती लांब धरून, नेहमीचा चष्मा लावून, ‘घर’ आणि ‘धर’ वेगळे ओळखता आले म्हणजे आकार पुरेसा आहे. इंग्रजी अक्षरं ‘बरी दिसतात’ असं एखादे आजोबा म्हणतात, तेव्हा पुष्कळदा तक्रार लिपीची नसून आकाराची असते. आधी आकार वाढवून मग विचारावं.

कोणाला कोणती लिपी सोपी ते वयावरून ठरवू नये, तपासावं. दहा-बारा शब्दांचे दोन मजकूर करायचे, अवघडपणा सारखा, मजकूर वेगळा. एक देवनागरीत, दुसरा इंग्रजी अक्षरांत. मोठ्याने वाचायला सांगायचं आणि लगेच विचारायचं, ‘मग किती वाजता यायचं? काय आणायचं?’ वेळेपेक्षा उत्तराला जास्त किंमत द्यावी. अडखळत वाचूनही उत्तर बरोबर आलं तर ती लिपी चालते. भराभर वाचून उत्तर चुकलं तर चालत नाही. ‘कळलं का?’ असं विचारून काहीच कळत नाही, कारण वडीलधारी माणसं ‘हो’ म्हणतात.

या तपासणीत उलटा निकालही येतो. बँकेत किंवा कचेरीत सगळी हयात इंग्रजी कागदांत गेलेल्यांना इंग्रजी अक्षरं जड जात नाहीत. सातारा जिल्ह्यात अपशिंग्यासारखी फौजी गावं आहेत. ब्रिटिशांच्या काळापासून सैन्यात हिंदुस्तानी भाषा रोमन अक्षरांत शिकवण्याची पद्धत होती, त्यामुळे एखाद्या जुन्या फौजी घरात त्या वाचनाची सवय सापडू शकते. त्यांना तसंच लिहावं. पण ‘t’, ‘d’, ‘n’, ‘l’ची संदिग्धता त्यांच्यासाठीही तेवढीच राहते, म्हणून वेळ, औषध आणि पैशांचा मजकूर देवनागरीत दिलेला बरा.

आजी उत्तर ‘ok’ किंवा ‘ho’ असं पाठवते, म्हणून तिला इंग्रजी अक्षरं आवडतात असं मात्र समजू नये. तिच्या फोनवर समोर तोच कीबोर्ड येतो, एवढाच त्याचा अर्थ. तिथे मराठी कीबोर्ड बसवून माइकची खूण कुठे असते ते दाखवलं, तर तिची उत्तरं दोन अक्षरांहून लांब येऊ लागतील.